पोत्याच्या फोटोवरून कडधान्य ओळखायचंय? या चुका टाळा

श्रावणाच्या तोंडावर गोव्यातल्या साखळीच्या मावशीचा फोटो आला. भुसारी दुकानात पोती हलवताना सांडलेला माल झाडून, एका पोत्यात भरून दुकानदाराने स्वस्तात काढला होता. "ह्यातले मूग वेचले तर मुगागाठीला चालतील का गं? आणि बाकी काय काय आहे तेही बघून सांग." डिचोलीला आमचंही भुसार मालाचं दुकान, त्यामुळे असे फोटो मला नेहमी येतात. हा फोटो मी दोनदा चुकीचा वाचला. म्हणून चुका कुठे होतात ते त्याच फोटोच्या आधाराने सांगते.

पहिली चूक फोटो काढणाऱ्याची असते. मावशीने पोत्याचं अख्खं तोंड फोटोत घेतलं होतं. ते साधारण ५० सेंटिमीटर रुंद. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू आक्रसून साधारण १६०० ठिपक्यांवर येते, म्हणजे एका मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम तीन ठिपके. पाच मिलिमीटरच्या कुळथाला सोळा ठिपके मिळतात, दीड मिलिमीटरच्या नाचणीला पाचच. फोटो कितीही मोठा करून पाहिला तरी नसलेला तपशील त्यात येत नाही, डाग तेवढे मोठे होतात.

मी मावशीला सांगितलं, "मूठभर दाणे पांढऱ्या ताटात एकेरी पसर, बाजूला दहा रुपयांचं नाणं ठेव आणि फक्त तेवढाच वीतभर भाग फोटोत घे. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव." दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. त्याच्या रुंदीत कुळथाचे पाच-साडेपाच दाणे बसतात, नाचणीचे अठरा. नाणं नसेल तर बारीक चवळी आणि मोठा अळसांदा फोटोत सारखेच दिसू शकतात, आणि तोणाकाला आपल्याला अळसांदाच हवा असतो.

मूठ कुठून घ्यायची, हेही तितकंच महत्त्वाचं. मिश्र पोतं हललं, आपटलं की बारीक दाणे मोठ्या दाण्यांमधल्या फटींतून खाली झिरपतात आणि मोठे वर राहतात. पहिल्या फोटोत वाटाणे आणि अळसांदे उठून दिसत होते, म्हणून "अर्धं पोतं वाटाण्याचं आहे" असं मी कळवून मोकळी झाले. मावशीने हात कोपरापर्यंत खुपसून तळाची मूठ काढली तेव्हा तिथे मटकी, मूग आणि नाचणी निघाली, वाटाणे तुरळक. वरच्या फोटोवरून पोत्यात काय आहे ते थोडंफार कळतं, किती आहे ते मुळीच कळत नाही. निदान तीन मुठी तरी घ्याव्यात: वरची, मधली, तळाची. आणि त्यांचे फोटो वेगवेगळे काढावेत.

आता मुगाकडे वळू. माझी दुसरी चूक इथे झाली आणि ती बहुतेकांची होते: रंगावर विश्वास ठेवणं. पावसाळ्यात बाजारात सगळीकडे निळं प्लास्टिक ताणलेलं असतं. त्याखालून आलेल्या उजेडात हिरवा मूग काळपट दिसतो आणि उडदाच्या काळ्यावर निळसर झाक येते. गडद दाणे सगळे उडीद, असं मी ठरवून टाकलं. मुळात हिरवट सालीचे उडीद असतात आणि काळे मूगही असतात, त्यामुळे उजेड चांगला असला तरी रंगावर निकाल देऊ नये.

निकाल द्यावा तो डोळ्यावर. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो तिथे राहिलेली पांढरी खूण म्हणजे डोळा. मुगाचा डोळा सालीच्या पातळीत, सपाट असतो. उडदाचा डोळा वर उचललेला असतो, त्याला कडा असते आणि मध्ये किंचित खोलगट दिसतो. ताटाला बाजूने खिडकीचा उजेड दिला की त्या कडेची बारीक सावली पडते आणि फोटोत फरक कळतो. वरून फ्लॅश मारला तर सावली पुसली जाते, म्हणून फ्लॅश बंद. मावशीच्या दुसऱ्या फोटोत डोळ्याची बाजू वर करून पडलेले तेवीस गडद दाणे मला सापडले. त्यांतल्या चौदांचा डोळा सपाट होता. ते मूगच. उरलेले नऊ उडीद. मुगागाठीत उडीद गेला तर रस बुळबुळीत होतो, म्हणून ही निवड करणं भागच होतं.

तपकिरी दाण्यांचा गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. कुळीथ, मटकी आणि अख्खा मसूर या तिघांचे रंग एकमेकांत मिसळतात, आणि फोटोत प्रत्येक दाणा एकाच अंगावर पडलेला असतो. आडवा पडलेला मसूर गोल चकतीसारखा दिसतो, तोच कडेवर उभा राहिला तर मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. कुळीथ चपटा, गुळगुळीत, पण त्याची बाह्यरेषा गोल नसते, कोपरे दाबल्यासारखी असते. मटकी चपटी नसतेच. ती लांबट, छोट्या लोडासारखी. एकाच दाण्यावरून नाव घ्यायचं नाही. ताट हलकेच हलवून दुसरा फोटो घ्यावा, दाणे कूस बदलतात. तरी शंका राहिली तर दहा दाणे रात्रभर भिजत घालावेत आणि साल काढावी. आतून केशरी निघाला तो मसूर.

डाळ झालेल्या दाण्यांना ही डोळ्याची खूण लागू पडत नाही, कारण डोळा सालीबरोबर जातो. तूरडाळीत लाख या कडधान्याची डाळ मिसळलेली असेल तर ती कुऱ्हाडीच्या पात्यासारखी, एका बाजूला उतरती दिसते, पण फुटक्या तुकड्यांत तेही कळत नाही. लाख रोज भरपूर खाल्ली तर पायांतली ताकद जाते, म्हणून असा संशय आला तर फोटोवर भागवू नका.

भरडधान्यांत फोटोची धाव आणखी कमी. बाजरी थेंबासारखी आणि राखाडी, ज्वारी टपोरी आणि फिकट, या दोन ओळखता येतात. नाचणी आणि मोहरी मात्र आकाराला जवळजवळ सारख्या. दोन-चार दाणे खलबत्त्यात चिरडा: नाचणीचं कोरडं पीठ होतं, मोहरी तेलकट होते आणि नाकाला कळते. आणि साल काढून पांढरी केलेली वरी किंवा तसलीच इतर बारीक धान्यं फोटोवरून वेगळी सांगायला मी जात नाही. साल असतानाचा रंग आणि रेषा गेल्यावर उरतो तो पांढरा ठिपका.

एक दाणा मात्र रंगावरूनच बाजूला काढावा. भडक गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग चढवलेला दिसला तर ते औषध लावलेलं बियाणं असू शकतं. मावशीच्या तळाच्या मुठीत असे चार गुलाबी दाणे होते. धुऊन रंग गेला म्हणजे औषध गेलं असं नाही, आणि ते दाणे कोणत्या पोत्यातून सांडले ते दुकानदारालाही सांगता येईना. मूग ओळखून झाले होते, पण मी तिला फोन करून सांगितलं, "मावशी, मुगागाठीला दुसरे मूग घे. हे पोतं कोंबड्यांनाही घालू नकोस, परत देऊन ये."