थुंकीत जंतू दिसले म्हणजे टीबीच? या चुका टाळा

समजा, साठीच्या एका बाईंना वीस वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला आहे. आता तीन महिन्यांपासून खोकला आहे, वजन घटलंय आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसते. थुंकीच्या स्लाइडवर जंतू 2+, म्हणजे बऱ्यापैकी संख्येने, आले. घरच्यांनी मनाशी ठरवलं, टीबी उलटला. टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीचा रिपोर्ट मात्र MTB NOT DETECTED, म्हणजे टीबीचा जंतू सापडला नाही, असा आला, आणि 'मशीन चुकलं असेल' म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

पहिली चूक इथेच झाली. स्लाइडवरच्या रंगाला टीबीचा जंतू आणि त्याचे चुलत भाऊ, म्हणजे एनटीएम, सारखेच लाल दिसतात. स्लाइडवर दिसण्यासाठी एक मिलीलिटर थुंकीत साधारण दहा हजार जंतू लागतात, सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. म्हणून स्लाइड भरलेली आणि सीबीनॅट कोरं, हे कोडं पडलं की चाचणी पुन्हा करावी आणि कल्चर, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, लावायला सांगावं. कल्चरमध्ये जंतू वाढले, तर एमपीटी64 नावाची झटपट चाचणी ते टीबीचे आहेत की नाहीत ते सांगते. पुढे नेमकी जात ओळखावी लागते, कारण औषधं जातीप्रमाणे बदलतात.

दुसरी चूक याच्या अगदी उलट: एका कल्चरमध्ये एनटीएम आला की लगेच उपचार. हे जंतू मातीत आणि नळाच्या पाण्यात राहतात. नळाच्या पाण्याने चूळ भरून थुंकी दिली, तर पाइपातला जंतूही डबीत उतरू शकतो. म्हणून चूळ उकळून गार केलेल्या पाण्याने भरावी, आणि किमान आठवडाभराच्या अंतरात सकाळच्या तीन वेगवेगळ्या थुंक्या द्याव्यात. त्यातल्या किमान दोनांत एकच जात वाढली, सीटी स्कॅनमध्ये तसे बदल असले, त्रासही असला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तरच निदान पक्कं धरतात. थुंकी येतच नसेल, तर ब्रॉन्कोस्कोपीने धुऊन घेतलेल्या नमुन्याचं एक पॉझिटिव्ह कल्चर चालतं. द्रव माध्यमातल्या कल्चरमध्ये 'वाढ नाही' म्हणायलाही सहा आठवडे लागतात. वाट पाहणं जिवावर येतं, पण प्रकृती ढासळत नसेल तर पाहावी. ढासळत असेल, तर निकाल येईपर्यंत टीबीचे उपचार द्यायचे की थांबवून ठेवायचे, हे छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

या बाईंच्या तीनपैकी दोन थुंक्यांत मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलेर वाढला. गोळ्या बदलल्या: ॲझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, आणि पोकळी असल्यामुळे सुरुवातीला इंजेक्शनही. ॲझिथ्रोमायसिन एकटं कधीच देऊ नये, जंतू त्याला दाद देईनासे होतात. आता दर महिन्या-दोन महिन्यांनी कल्चर होईल आणि ते निगेटिव्ह झाल्यापासून किमान वर्षभर गोळ्या चालतील. सुनेने विचारलं, "ताटवाटी वेगळी ठेवायची का?" नाही. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही.