जुन्या पत्राचा पिवळा कागद काढायचा, पण फिकी शाई जाऊ द्यायची नाही, ते कसं?

आमच्या आत्याला पंच्याहत्तरीला फ्रेम द्यायची होती, मागं गावाकडच्या वाड्याचा फिकट फोटो आणि त्यावर आजोबांनी तिला अंबाजोगाईला सासरी पाठवलेलं १९७४ चं पत्र. पत्र ट्रंकेत राहून पार पिवळं पडलेलं, निळी शाई जागोजागी उडालेली, कोपऱ्याला हळद-कुंकू आणि वर लाल शाईत श्री. फोटोवर ते तसंच ठेवलं की पिवळा चौकोन दिसायचा, म्हणून कागद पारदर्शक करायचा होता.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं, जादूच्या कांडीनं पिवळा रंग निवडला आणि डिलीट मारलं. कागद गेला, पण त्याच्यासोबत अनुस्वार, वेलांट्या आणि शिरोरेषेचे फिके तुकडेही गेले. कारण उडालेली शाई आणि काळवंडलेला कागद बऱ्याच ठिकाणी जवळपास सारखेच गडद असतात, मग निवड करणाऱ्या टूलला फरक कळणार कसा? म्हणून आधी फरक वाढवायचा आणि कापाकापी करायचीच नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला, कलरमध्ये करा, स्कॅनरची आपोआप सुधारणा बंद ठेवा आणि फाइल पीएनजी किंवा टिफ घ्या. पत्राच्या मागं काळा कागद ठेवा, म्हणजे पाठीमागची अक्षरं कमी उमटतात.

आता गिंप उघडा, ते फोटो एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर आहे. शाईचा रंग आधीच घेऊन ठेवा, पिपेटनं जिथं टाक दाबला गेलाय अशा एखाद्या जाड अक्षरावर क्लिक करा. मग लेयरची डुप्लिकेट काढा आणि तिच्यावर `Colors > Components > Extract Component` मध्ये `RGB Red` निवडा. खरी गंमत इथंच आहे बघा. पिवळा कागद लाल प्रकाश भरपूर परत फेकतो म्हणून लाल चॅनेलमध्ये तो जवळजवळ पांढरा दिसतो, आणि निळी शाई लाल प्रकाश गिळते म्हणून ती काळी दिसते, त्यामुळं मूळ स्कॅनमध्ये न वाचता येणारी ओळसुद्धा इथं वर येते. हळदीचा डागही जातो. पण लाल शाईतलं श्री आणि कुंकूही गायब होतं, ते हवं असेल तर त्याच्यासाठी हिरव्या चॅनेलवर वेगळी लेयर करावी लागते, मी तशीच केली.

तरी कागद सगळीकडं सारखा पांढरा नसतो, कडा आणि मधला भाग वेगळा असतो. म्हणून या राखाडी लेयरची परत डुप्लिकेट काढा, तिच्यावर `Filters > Blur > Median Blur` लावा, `Radius` ३० आणि `Percentile` ८० ठेवा. अक्षरं पुसली जाऊन नुसता कागदाचा उजेड-अंधार उरतो. अक्षरांची सावली राहिली तर रेडियस वाढवा. आता या लेयरचा मोड `Divide` करा आणि `Merge Down` करा, म्हणजे कागदाचे डाग भागले जाऊन पाठ एकसारखी पांढरी होते.

या लेयरवर राइट क्लिक करून `Add Layer Mask` घ्या, `Grayscale copy of layer` निवडा आणि `Invert mask` वर टिक करा. मग मास्कवर नाही तर लेयरच्या चित्रावर क्लिक करा आणि ती पूर्ण लेयर आधी घेतलेल्या शाईच्या रंगानं भरा. मूळ लेयर लपवा. झालं असं की रंग आता एकच आहे, आणि जिथं शाई उडाली तिथं ती थोडी आरपार आहे, म्हणजे फिकेपणा जसाच्या तसा राहिला आणि अक्षरांच्या कडेला पिवळी झालर पण नाही.

शेवटचं काम मास्कवर `Colors > Levels`. खाली एक पांढरी लेयर ठेवा. पानभर निळसर धूर दिसला तर काळं टोक हळूहळू उजवीकडं सरकवा, माझ्या पत्राला १२ वर धूर गेला. पांढरं टोक डावीकडं आणलं की शाई गडद होते, मी ११० वर थांबलो, त्याच्या खाली अक्षरं सुजल्यासारखी जाड दिसायला लागतात. अनुस्वार मोजत बसा, ते जायला लागले की काळं टोक मागं घ्या. घडीची रेघ मात्र जात नाही, ती बारीक असल्यामुळं मीडियनला शाईच वाटते, ती मास्कवर काळ्या ब्रशनं पुसावी लागते, आणि अक्षरावरून गेलेली असेल तिथं तशीच सोडलेली बरी.

पांढरी लेयर लपवून पीएनजीतच एक्सपोर्ट करा, जेपीजीत पारदर्शकपणा टिकत नाही. आत्यानं फ्रेम हातात घेतल्या घेतल्या चौथी ओळ मोठ्यानं वाचली, “उन्हाळ्यात लेकरांना घेऊन ये”, जी स्कॅन करायच्या आधी आम्हाला कुणालाच लागत नव्हती.