गिफ्ट कार्ड द्यायचं की वस्तू?

माप पक्कं माहीत असेल तर वस्तूच घ्या, पण चप्पल लाईनला कोल्हापुरी घ्यायला जाताना ज्याला द्यायचीय त्याचा पाय कागदावर आखून न्या, अंदाजपंचे नको. भाचा पुण्यात नवीन रूम घेऊन राहतोय, त्याला कुठला मिक्सर पाहिजे ते आपल्याला काय ठाऊक, तिथं कार्डच बरं. फक्त मिक्सर अडीच हजाराचा आणि कार्ड दोन हजाराचं असं करू नका, पोराच्या खिशाला उलटा पाचशेचा फटका. आणि नुसता कोड व्हॉट्सॲपवर ढकलू नका ओ, कार्ड पाकिटात घालून वर हातानं लिहा, 'मिक्सरसाठी, तांबड्या रश्श्याचं वाटण आता रूमवरच कर', सोबत कांदा-लसूण चटणीची पुडी. एक्स्पायरी डेट पण पाकिटावरच टाका, पोरं विसरतात.