चर्चासत्राचा अहवाल पाठवताय? हिशेबातल्या आणि फलितातल्या या चुका टाळा

आमच्या विभागाने खाजन शेतीवर, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, दोन दिवसांचे चर्चासत्र घेतले. अनुदान मंजूर होते १,५०,००० रुपये. त्यातले १,२०,००० आधी आले, उरलेले ३०,००० अहवाल आणि हिशेब मिळाल्यावर यायचे होते. आम्ही खर्च १,५३,६०० दाखवला, ३०,००० मागितले आणि निर्धास्त झालो. फाईल परत आली. शेरा होता, ‘नोंदणी शुल्काचे काय?’

ही चूक मी इतर कॉलेजांच्या अहवालांतही पाहिली आहे. ६२ जणांनी प्रत्येकी ३०० रुपये भरले होते, म्हणजे १८,६०० रुपये जमा. आमच्या मनात हे पैसे ‘आपले’ होते, म्हणून ते कुठेच लिहिले नाहीत. पण मंजुरीपत्रातली अट स्पष्ट होती: इतर जमा वजा करून उरेल तोच खर्च अनुदानावर टाकायचा. १,५३,६०० मधून १८,६०० गेले की उरतात १,३५,०००. आधी मिळालेले १,२०,००० वजा केले की येणे फक्त १५,०००. आम्ही नेमके दुप्पट मागत होतो.

दुसरा घोळ शीर्षांचा. जेवणाला ४०,००० मंजूर होते, खर्च झाला ४७,५००. किरकोळ खर्चाला १५,००० होते, लागले १७,१००. प्रवासातून वाचलेले पैसे परवानगीशिवाय इकडे वळवता येत नव्हते. इथे नोंदणी शुल्कच कामी आले. त्यातले २,१०० किरकोळ खर्चाला आणि १६,५०० जेवणाला लावले, तसा वेगळा रकाना केला आणि दोन्ही शीर्षे मर्यादेत बसली. म्हणून खर्चाच्या तक्त्यात प्रत्येक शीर्षापुढे चार रकाने ठेवा: मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, त्यातला अनुदानातून किती आणि इतर जमेतून किती. पैसे केंद्र सरकारचे असतील तर विनियोग प्रमाणपत्र सर्वसाधारणपणे जीएफआर १२-ए नमुन्यात लागते. या खर्चाच्या तक्त्यातले आकडे त्याच्याशी जुळलेच पाहिजेत.

आता जेवणाचे बिल. तपासनीस सर्वांत आधी तेच उघडतो, कारण ते हजेरीपटाशी ताडून पाहता येते. आमच्या केटररने रोजची १२५ ताटे, १९० रुपये दराने लावली होती. पहिल्या दिवशी हजेरीपटावर सह्या होत्या ८२: प्रतिनिधी, वक्ते आणि स्वयंसेवक मिळून. मग ४३ ताटे कोणाची? उद्घाटनाला आलेल्या आमच्याच विद्यार्थ्यांची. ती मुले खरोखर जेवली होती, पण त्यांची सही घ्यायचे कोणाला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सह्या ६१ वर आल्या तरी ऑर्डर तीच राहिली. त्याला उत्तर नव्हते, आणि मागाहून सह्या गोळा करणे म्हणजे खोटा कागद तयार करणे. जे घडले ते प्राचार्यांच्या सहीने लिहून दिले. खरा उपाय त्या दिवसाचाच आहे: सकाळी अकराला डोकी मोजा, केटररला आकडा लेखी कळवा आणि जेवणाऱ्या प्रत्येकाची सही घ्या, मग तो विद्यार्थी असो की चालक.

टॅक्सीचेही तसेच. मोपा विमानतळावर उतरलेल्या वक्त्याला मडगावला आणायचे भाडे दाबोळीहून आणण्यापेक्षा बरेच जास्त होते. तेव्हा पावतीवर तारीख, गाडीचा क्रमांक, कुठून कुठे आणि चालकाची सही हवी, सोबत बोर्डिंग पासही. मानधनाची पावती ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्या. वक्ता परत गेल्यावर ही सही मिळवायला महिने जातात.

मजकुरातली मोठी चूक फलितांत होते. आमचे एक उद्दिष्ट होते, ‘मानशींच्या दुरुस्तीतील अडचणी नोंदवणे’. मानशी म्हणजे खाजनाच्या बांधातली, भरतीचे पाणी अडवणारी दारे. पहिल्या मसुद्यात फलित लिहिले, ‘मानशींविषयी जागृती झाली’. उद्दिष्ट नोंदवण्याचे आणि फलित जागृतीचे, मग वाचणाऱ्याला काय कळणार? दुसऱ्या सत्राचे टिपण पुन्हा काढले. एका शेतकऱ्याने सांगितले होते की दारांना टिकाऊ लाकूड मिळत नाही आणि भरतीच्या वेळी दार नीट मिटले नाही तर खारे पाणी शेतात शिरते. चर्चेत सात मानशींची नावे आणि त्यांची अवस्था पुढे आली होती. तेच फलित म्हणून लिहिले, ती यादी परिशिष्टात जोडली आणि कोणत्या शेतकरी संघाला कधी दिली ते नमूद केले.

उद्दिष्टे प्रस्तावात होती तशीच अहवालात उतरवा. आमचे तिसरे उद्दिष्ट, प्रत्यक्ष बांधावर भेट, पावसामुळे हुकले. ते गाळण्याचा मोह झाला होता. त्याऐवजी भेट रद्द झाल्याचे, त्या वेळेत कोणते सत्र घेतले त्याचे आणि बसचे भाडे खर्चात धरले नसल्याचे लिहिले. त्यावर एकही शंका आली नाही.

सुधारलेला अहवाल गेला आणि उरलेले १५,००० खात्यात आले.