आत्मकारक ठरवण्याआधी दुसऱ्या नंबरचा ग्रह बघा

जैमिनी ज्योतिष शिकायला घेतलं की सगळ्यात आधी आत्मकारक काढायचा असतो, आणि नियम सोपाच आहे: कुंडलीत ज्या ग्रहाचे राशीतले अंश सगळ्यात जास्त तो आत्मकारक, त्याखालचा अमात्यकारक, मग भ्रातृकारक वगैरे, आणि सगळ्यात कमी अंशांचा दारकारक. राशी कुठली याच्याशी संबंध नाही, फक्त त्या राशीत तो किती पुढे गेलाय ते बघायचं. एवढं तुम्हाला माहीत असणार असं धरून मी पुढे लिहिते, कारण मला ज्याने महिनोन्‌महिने छळलं ते याच्या पुढचं आहे. एकाच कुंडलीत एक सॉफ्टवेअर राहू सांगायचं, दुसरं चंद्र, क्लासमधले सर तिसरंच काहीतरी, आणि प्रत्येकाचा आत्म्याचा धडा वेगळा. कुणाचं ऐकायचं?

गोंधळ मुळात जैमिनीच्या सूत्रातच आहे. "आत्माधिकः कलादिभिर्नभोगः सप्तानामष्टानां वा" म्हणजे सातांमध्ये किंवा आठांमध्ये. सात म्हणजे सूर्य ते शनी, आठ म्हणजे राहू धरून. केतूला मोक्षकारक म्हणून बाहेरच ठेवतात. के. एन. राव यांच्या परंपरेत सात कारक चालतात, संजय रथ यांच्या परंपरेत आठ, आणि दोन्हीकडे अनुभवी माणसं आहेत, त्यामुळे "हेच खरं" असं छातीठोक सांगणाऱ्या गुरूपासून मी तरी चार हात लांब राहते. राहू वक्री चालतो म्हणून त्याचे अंश उलटे मोजतात, म्हणजे ३० मधून वजा करून. हे वजा करणं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आता एक कुंडली घेऊ. ही कुणाची नाही, आकडे मी सरावासाठी घेतलेत. चंद्र वृश्चिकेत २४ अंश ४८ कला, शनी कुंभेत २४ अंश ३१ कला, राहू तुळेत ४ अंश ५० कला. बाकी मंगळ मिथुनेत १९ च्या आसपास, शुक्र सिंहेत १५, सूर्य कन्येत ११, गुरू धनूत ८, आणि बुध तुळेत २ अंश ४० कला. राहूचे ३० मधून वजा केले की २५ अंश १० कला. म्हणजे आठ कारक धरले तर राहू आत्मकारक, सात धरले तर चंद्र. दारकारक मात्र दोन्हीत बुधच राहतो, मधली काही नाती एकेक पायरी सरकतात.

इथवर सगळ्यांना जमतं. इथून पुढे हळू वाचा.

चंद्र आणि शनीमध्ये फरक फक्त १७ कलांचा आहे. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश, म्हणजे ३० कला चालतो. म्हणजे जन्मवेळ ४० मिनिटं आधीची निघाली तर चंद्र शनीच्या मागे जातो आणि सात कारकांत शनी आत्मकारक होतो. आता विचार करा, किती लोकांची जन्मवेळ "पहाटे पाचच्या सुमारास" अशी असते! बाकी ग्रह एवढ्या वेळात जवळजवळ जागचे हलत नाहीत, त्यामुळे पहिल्या दोनांमध्ये चंद्र असेल तर वेळेची चौकशी केल्याशिवाय एक वाक्यही बोलायचं नाही. चंद्र नसेल आणि दोघांत एखाद अंशाचं अंतर असेल तर तासभराच्या चुकीने सहसा काही बिघडत नाही, तेव्हा उगाच घाबरूही नका.

दुसरं राहूचं. राहूचे अंश मध्यम आणि स्पष्ट अशा दोन पद्धतींनी काढतात, आणि दोघांत दीड अंशापर्यंत फरक पडू शकतो. आपल्या कुंडलीत ४ अंश ५० कला हा मध्यम राहू आहे, स्पष्ट राहू ५ अंश ५० कला आला असं धरा. वजा करून २४ अंश १० कला. झालं, राहू पहिल्या नंबरवरून थेट तिसऱ्यावर, आणि आठ कारक मानूनही चंद्रच आत्मकारक! दोन सॉफ्टवेअरची उत्तरं वेगळी येण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं, सेटिंगमध्ये जाऊन बघितलं की कळतं, पण कुणी जात नाही.

तिसरं अयनांशाचं, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणाऱ्या आकड्याचं, आणि हे मला कुणीच नीट समजावलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. लाहिरी सोडून रामन अयनांश घेतला की प्रत्येक ग्रह जवळजवळ दीड अंश पुढे सरकतो. सगळेच सारखे सरकतात म्हणून कारकांचा क्रम बदलू नये असं वाटतं, आणि सात कारकांत तो बदलतही नाही, जोपर्यंत एखादा ग्रह राशीच्या शेवटच्या दीड अंशात नाही. तसा असेल तर तो २९ वरून पुढच्या राशीच्या ० वर जातो, म्हणजे आत्मकारक होता तो थेट दारकारक. राहूचं तर आणखी वेगळं, कारण त्याचे अंश उलटे मोजतो. बाकीचे दीड अंशाने वाढतात तेव्हा राहूचे मोजलेले अंश दीड अंशाने कमी होतात, म्हणजे तुलनेत जवळजवळ तीन अंशांचा फरक पडतो. आपल्या कुंडलीत रामनने चंद्र २६ अंशांच्या पुढे आणि राहू २४ च्याही खाली येतो. म्हणून राहू आत्मकारक निघाला की पहिलं काम, त्याच्यात आणि पुढच्या ग्रहात तीन अंशांचं तरी अंतर आहे का ते बघणं. नसेल तर ते उत्तर तुमच्या सेटिंगचं आहे असं समजा.

एवढं पाल्हाळ का लावतेय ते आता कळेल. आत्मकारकाचा धडा ग्रहाच्या नावावरून येत नाही, तो कारकांशावरून येतो, म्हणजे आत्मकारक नवांशात ज्या राशीत बसलाय त्या राशीवरून. चंद्र वृश्चिकेत २४ अंश ४८ कला म्हणजे आठवा नवांश, जलराशीचे नवांश कर्केपासून मोजायचे, आठवा कुंभ. शनी कुंभेत २४ अंश ३१ कला, तोही आठवा नवांश, पण वायुराशीचे तुळेपासून, म्हणून वृषभ. १७ कलांच्या फरकाने लग्नासारखी वापरायची राशीच बदलली.

मी कारकांश मूळ राशीकुंडलीत आणून बघते, काहीजण नवांशातच बघतात, कुठलंही एक धरा पण दर वेळी बदलू नका. शनी आत्मकारक धरला तर कारकांश वृषभ, त्याच्या बाराव्यात मेष, आणि राहू तुळेत म्हणजे मेषेत केतू. कारकांशाच्या बाराव्यात केतू आला की कैवल्य हे सूत्रांतलं सगळ्यात गाजलेलं फळ! नवशिका इथे हमखास भारावतो आणि समोरच्याला "तुमचा हा शेवटचा जन्म" असं सांगून मोकळा होतो. तेही ४० मिनिटांच्या शंकेवर. असं बोलू नका हो. माणूस ते वाक्य आयुष्यभर धरून बसतो, नोकरी-संसाराचे निर्णय त्यावर घेतो.

वेळ पक्की आहे आणि चंद्रच आत्मकारक आहे असं धरून वाचू. चंद्र वृश्चिकेत, म्हणजे नीच. नीच आत्मकारक म्हणजे आत्मा वाया गेला असं काही नसतं, ही भीती पहिल्या दिवशीच काढून टाका. "स ईष्टे बन्धमोक्षयोः" असं सूत्र आहे, बांधतोही तोच आणि सोडवतोही तोच. मग हा चंद्र बांधतो कशात? आपलं माणूस हवं, मनाला ओलावा हवा, आणि वृश्चिकेत असल्यामुळे तो मिळाला तरी निसटेल ही धास्ती. सोडवतो कुठून ते कारकांश सांगतो. कुंभ, आणि कुंभेत शनी स्वराशीत बसलाय, जो अमात्यकारकही आहे. म्हणजे मनाची भूक ज्या रस्त्याने शांत व्हायची तो रस्ता शनीचा: नेमाने केलेलं काम, परक्या माणसांची जबाबदारी, परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेली काळजी. या माणसाला जवळच्यांकडून जे हवं ते बहुतेक वेळा अनोळखी माणसांसाठी काम करता करता मिळतं, आणि ते त्याला पटायला वेळ लागतो.

राशीदृष्टी बघा. स्थिर राशीला शेजारची सोडून बाकी चर राशी बघतात, म्हणजे कुंभेला मेष, कर्क आणि तूळ. तुळेत राहू आणि बुध, मेषेत केतू. म्हणजे या कामात गैरसमज, कागदपत्रांतली फसवाफसवी, मधेच सगळं सोडून द्यावंसं वाटणं हे येत राहणार. बारावी मकर रिकामी आहे पण तिच्यावर वृश्चिकेतल्या चंद्राची आणि सिंहेतल्या शुक्राची दृष्टी आहे. आत्मकारक स्वतःच बाराव्याला बघतोय, म्हणजे शेवटी सोडायची गोष्ट तीच मायेची ओढ. आत्मकारक, कारकांश आणि बारावं अशा तिन्ही ठिकाणांहून एकच सूर आला तर तो धडा म्हणून सांगावा. एकाच ठिकाणाहून आला असेल तर वहीत लिहून ठेवा, बोलू नका.

आणि ते "सूर्य म्हणजे अहंकार सोडा, मंगळ म्हणजे हिंसा सोडा, शुक्र म्हणजे वासना सोडा" वाले एका ओळीचे तक्ते. सूत्रांत असा तक्ता नाही, नंतरच्या शिक्षकांनी सोयीसाठी केलेला आहे. आठवणीपुरता ठीक, पण त्याने कुणाच्याही कुंडलीत बाराव्या हिश्श्याएवढंही खरं वाचन होत नाही, कारण कारकांश त्यात येतच नाही. शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे, मान्य, पण यावर आधारलेली वाचनं ऐकून रडलेली माणसं मी बघितलीत.

वेळ पक्की नसेल तर काय? चंद्र आणि शनी दोघांचे कारकांश काढून ठेवा आणि माणसाला उघडा प्रश्न विचारा: आयुष्यात पुन्हा पुन्हा कुठल्या गोष्टीपाशी येऊन अडकता? ग्रहाचं नाव, "आईशी पटतं का" असले सुचवणारे प्रश्न अजिबात नकोत, कारण आईशी थोडंफार सगळ्यांचंच बिनसतं आणि चंद्र लगेच खरा वाटायला लागतो. उत्तर माणसांच्या ओढीभोवती फिरलं तर चंद्राकडे कल, उशीर, ओझं आणि दुसऱ्याचं दुःख वाहण्याभोवती फिरलं तर शनीकडे. मग दोन-तीन मोठ्या घटनांच्या तारखा घेऊन चरदशेत, म्हणजे जैमिनीतल्या राशींच्या दशेत, कुंभ किंवा वृषभ कधी चालू होती ते जुळवा. तरीही जुळलं नाही तर आत्मकारक अनिश्चित असं वहीत लिहा आणि त्या कुंडलीत पराशरी पद्धतीनेच पुढे जा.