शाळेच्या चार गटांना झाडांची नावं कशी द्यावीत

आंतरगट स्पर्धा आल्या की लाल, निळा, हिरवा, पिवळा हे गट ठरलेलेच. शहरात त्याचं कोणाला काही वाटत नाही. आपल्या विदर्भातल्या खेड्यात मात्र निळा कोणत्या वस्तीवर फडकतो, भगवा कुठं आणि हिरवा कुठं, हे पाचवीतल्या पोराला पक्कं ठाऊक असतं. कबड्डीत निळा गट हरला की घोषणा मैदानाबाहेर पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही रंग सोडले. त्यांच्या जागी काय घ्यायचं, हे मात्र पहिल्या वर्षी चुकलं.

शिक्षकांच्या बैठकीत कोणीतरी संविधानाची उद्देशिका सुचवली. त्यात नेमकी चारच तत्त्वं आहेत: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. ठराव पाच मिनिटांत पास झाला. डिसेंबरात लाउडस्पीकरवरून आवाज आला, "न्याय गट बाद!" आणि पालकांत हशा पिकला. दुपारी बंधुता गटाच्या दोन पोरांची जुंपली, तेव्हा तर कॉमेंट्री करणाऱ्यालाच बोलणं सुचेना. 'स्वातंत्र्य' हे नाव धावता धावता एकाही पोराला ओरडता आलं नाही, ते वेगळंच.

मूल्याचं नाव हरलं की वाक्य विचित्र होतं, आणि स्पर्धेत चारपैकी तिघांना हरावंच लागतं. मूल्यं हवीच असतील तर ती गटाच्या नावात न ठेवता गुणांत ठेवा. पंचाचा निर्णय वाद न घालता मानणाऱ्या संघाला सामन्यामागे दोन जास्तीचे गुण, असा नियम करा. आमच्याकडे तो चालला.

नावं निसर्गातून घ्यायची असतील तर काम जुलैतच सुरू करा. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, तोवर पाऊस पडून झाडं पालवलेली असतात. पोरांना गावाच्या शिवारात न्या आणि त्यांना जी झाडं घरच्या नावानं ओळखता येतात तेवढीच लिहा. पुस्तकातली यादी उतरवू नका. आमच्या वहीत एका फेरीत एकोणीस नावं आली.

आता चाळणी लावा. पहिली चाचणी चिडवण्याची, आणि ती पोरांनाच करू द्या, आपल्याला जमत नाही. 'आपटा' सगळ्यांना आवडला होता. एक पोरगी म्हणाली, "आपटा आपटला!" आणि तो गेला. 'मोह' म्हटलं की मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली, कारण मोहाची काय काय होते ते गावात सांगावं लागत नाही. बाभळीला काटे आणि निंब कडू, म्हणून तीही गेली. वड, पिंपळ, बेल, उंबर ही झाडं कोणाच्या ना कोणाच्या पूजेतली असतात. रंगांच्या वादातून सुटायचं म्हणून निघालो, तर त्याच वादात दुसऱ्या दारानं शिरायला नको.

दुसरी चाचणी हाकेची. चार पोरं मैदानाच्या एका टोकाला उभी करा आणि दुसऱ्या टोकाच्या पोरांना ऐकलेलं नाव लिहायला सांगा. नद्या आमच्याकडे इथंच अडकल्या. वैनगंगा आणि पैनगंगा या दोन्ही नावांत वाऱ्यावर फक्त 'गंगा' ऐकू येतं. वर्धा हे जिल्ह्याचंही नाव, त्यामुळे पाहुण्यांना वाटलं की तिकडचा संघ आलाय. नद्यांचीच हौस असेल तर वैनगंगा, इरई, कन्हान आणि पूर्णा घ्या. पहिल्या तिघींचं पाणी शेवटी प्राणहितेत जातं, पूर्णा मात्र तापीकडे पळते, हा भूगोलही आयता शिकवून होतो.

तिसरी चाचणी फळ्याची. गुणफलकावर पूर्ण नाव लिहायला जागा नसते, म्हणून चारही नावांची पहिली अक्षरं वेगळी हवीत. समता, सत्य, साहस आणि शांती असे गट केले तर खडू धरणारा पोरगा रडकुंडीला येतो.

चाळणीतून आमच्याकडे पळस, साग, चिंच आणि धावडा राहिले. प, सा, चि, धा. एका पोरानं विचारलं, "सर, पयस म्हटलं तर चालन का जी?" चालतं. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होणारच. फळ्यावर पळस लिहा, घोषणा पयसची होऊ द्या. मतदान घ्यायचं तर एकेका नावावर घेऊ नका, चारच्या पूर्ण संचावर घ्या, नाहीतर चाळणीतून काढलेला आपटा परत येतो.

कोण कोणत्या गटात हे हजेरीपटाच्या क्रमानं ठरवू नका. त्या क्रमाला बऱ्याचदा आडनावाची नाहीतर प्रवर्गाची सावली असते. वर्गातल्या मुली उंचीनं एका रांगेत उभ्या करा आणि नागमोडी वाटा: पळस, साग, चिंच, धावडा, मग उलट धावडा, चिंच, साग, पळस, आणि पुन्हा सुरुवातीपासून. सातवीत पंधरा मुली होत्या. तिन्ही गटांना चार-चार आल्या आणि पळसला तीन. म्हणून मुलांची रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू केली नाही, अर्धवट राहिलेला नाग तसाच पुढं नेला आणि पहिला मुलगा पळसला दिला. पाचवी ते दहावीची आमची पोरं एकशे अडुसष्ट, म्हणजे गटाला बेचाळीस. भावंडं एकाच गटात ठेवायची की वेगळी, हे वाटणीच्या आधी ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर प्रत्येक आई शाळेत येते.

रंग गेले तर मैदानावर संघ ओळखायचा कसा, हा प्रश्न मुख्याध्यापक हमखास विचारतात. कबड्डी किंवा खोखोत एका वेळी दोनच संघ असतात. एका संघानं पांढऱ्या कापडाच्या छातीपट्ट्या बांधायच्या, दुसऱ्यानं तसंच खेळायचं, आणि कोणी बांधायच्या ते नाणेफेकीवर ठरवायचं. कबड्डीत मैदानावर सात आणि खोखोत नऊ, म्हणून बारा पट्ट्यांत भागतं. रिलेत चारही गट एकदम धावतात, तिथं छातीवर पानाचा ठसा मारलेला कागद लावा.

हा ठसा पानाचाच हवा, फुलाचा नको. पळसाचं फूल काढलं की ते केशरी रंगवावंसं वाटतं आणि आठ दिवसांत 'भगवा पळस' सुरू होतो. पानं मात्र चारही एकाच काळ्या शाईत छापता येतात आणि लांबूनही ओळखू येतात: पळसाची तीन दलं, चिंचेची बारीक ओळ, धावड्याचं लहान गोलसर पान, सागाचं सुपाएवढं. सागाचं मोठं पान कागदावर मावत नाही, शेंड्याजवळचं कोवळं घ्या. पानं दिवाळीच्या आतच गोळा करून जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवा. पळस आणि साग पुढं पानं झाडतात, तेव्हा ठशाला चांगलं पान सापडत नाही.

पोराचा गट शाळा सोडेपर्यंत बदलायचा नाही. दहावीची तुकडी गेली की चारही गटांत किती जागा रिकाम्या झाल्या ते मोजा आणि नवी पाचवी वाटताना नाग ज्या गटात सर्वांत जास्त कमी पडतात तिथून सुरू करा. आमच्याकडे गेल्या जूनमध्ये तो चिंचेपासून निघाला.