कुत्र्याला ऊन लागलं तर आधी पाणी, मग दवाखाना

सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला की पत्र्याच्या शेडखाली बांधलेला कुत्रा सावलीत असूनही भाजून निघतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो आणि भोवतालची हवाच तापलेली असली की त्याचा हा उपाय तोकडा पडतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर लवकरच हाल होतात.

समजा, दुपारी दोन वाजता शेडखालचा लॅब्रेडॉर जोरजोरात धापा टाकतोय. सावलीत आणून दहा मिनिटं झाली तरी धाप उतरत नाही. जीभ गडद लाल झालीय, लाळ चिकट तारेसारखी लोंबतेय. उठवलं तर झोकांड्या खातो. इथं थर्मामीटर शोधत बसू नका. उलटी, रक्ताची हगवण, झटके ही तर त्याच्या पुढची पायरी.

लगेच पाणी ओतायला घ्या. पण कुठलं? गच्चीवरच्या टाकीचं नको, दुपारी त्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. घरातल्या पिंपातलं किंवा जमिनीखालच्या हौदातलं घ्या. पोट, काखा, जांघा, पंजे असं सगळं अंग केसांच्या मुळापर्यंत भिजवा आणि टेबलफॅन जवळ लावा. आपली हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. तो काही मिनिटांत गरम होतो आणि वारा अंगाला लागू देत नाही. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

दुसरं माणूस हाताशी असेल तर त्याला दवाखान्यात फोन करायला सांगा आणि डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारातून ताप बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला तो एरवीही गरमच लागतो. आकडा 106 दिसला तर पाणी चालूच ठेवा. 103 ला आला की थांबा, कारण तो पुढेही आपोआप गार पडत जातो. पॅरासिटामॉल अजिबात नको. हा संसर्गाचा ताप नाही, त्यामुळे उपयोग शून्य आणि विषबाधेची भीती मात्र खरी.

मग गाडीत एसी लावून किंवा काचा उघड्या ठेवून दवाखाना गाठा. शेपूट हलवायला लागला तरी न्याच. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं काम एक-दोन दिवसांनी उघड होतं.

एरवी फिरवणं सकाळी सातच्या आत उरका. संध्याकाळी निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. दुपारी त्याला घरात शहाबादी फरशीवर झोपू द्या.